दोनशेचा ग्लास, दीडशेचं मेण

सांगलीच्या माझ्या मावसबहिणीचा फोन नवरात्राच्या आदल्या दिवशी आला. आवाज रडवेला नव्हता, चिडका होता. "अगं, एका बाईने रिव्ह्यूमध्ये माझी मेणबत्ती काट्यावर ठेवून फोटो टाकलाय. चोर ठरवलं मला."

मी पुण्यात बसून लहान विक्रेत्यांच्या वस्तूंची लिस्टिंगं लिहून देते. फोटो, किंमत, माहिती, सगळं. ताईची लिस्टिंगं मात्र तिनेच लिहिलेली होती, कारण घरच्या माणसाला पैसे कसले द्यायचे आणि घरच्या माणसाला काम तरी कसं सांगायचं, या संकोचात दोन वर्षं गेली होती. रिव्ह्यू उघडून बघितला. त्या बाईंनी शिवीगाळ काही केली नव्हती. पहिली मेणबत्ती तिसाव्या तासाच्या सुमाराला संपली, लिस्टिंगवर पन्नास तास लिहिले होते, म्हणून दुसरी आली तेव्हा त्यांनी ती पेटवण्याआधीच वजन केली. भरलेली ४१२ ग्रॅम. संपल्यावर ग्लास गरम पाण्याने स्वच्छ करून पुन्हा वजन, २५५ ग्रॅम. खाली एकच ओळ: "लिहिलंय २०० ग्रॅम, निघाले १५७. माझे ४३ ग्रॅम कुठे गेले?"

मी ताईला विचारलं, हे दोनशे आले कुठून?

"अगं ग्लासच दोनशे एमएलचा आहे. खोक्यावर लिहिलंय. म्हणजे दोनशे ग्रॅमच ना?"

इथेच सगळं आलं. दोनशे मिलिलिटर हे ग्लासाच्या काठापर्यंतचं माप, आणि तेही पाण्याचं. मेणबत्ती काठापर्यंत कोणी भरत नाही. वर बोटभर जागा सोडावी लागते, नाहीतर ज्योत ग्लासाच्या बाहेर डोकावते. ताईच्या भरण्याच्या रेघेपर्यंत पाणी ओतून बघितलं तर ते १७८ ग्रॅम भरलं. आणि मेण पाण्यापेक्षा हलकं असतं. सोया मेणाचा एक मिलिलिटर साधारण ०.८८ ग्रॅमचा धरला की १७८ मिलिलिटरचे १५७ ग्रॅम होतात. त्या बाईंच्या काट्याने अगदी बरोबर आकडा दाखवला होता. ताईने चोरी केली नव्हती, फक्त काचेच्या व्यापाऱ्याचा आकडा आपल्या लिस्टिंगवर उतरवला होता. ग्राहकाच्या दृष्टीने या दोन्हींत फरक शून्य.

कायद्याच्या दृष्टीनेही तो नाहीच. वैध मापन (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ मध्ये २०१७ साली दुरुस्ती झाली आणि २०१८ पासून ऑनलाइन विक्रीच्या पानावरही निव्वळ वजन, एमआरपी, उत्पादकाचं नाव-पत्ता या गोष्टी दाखवणं बंधनकारक झालं. निव्वळ म्हणजे ग्लास, झाकण, खोकं वगळून. लिस्टिंगवरचं वजन ही जाहिरातबाजी नाही, घोषणा आहे.

मी शनिवारी एसटीने सांगलीला गेले. ताईकडे तीन वस्तू होत्या: मेणबत्ती, हळदीचा साबण आणि ओठांचा बाम. चौथी होती कोरफडीच्या जेलची, तिच्याकडे नंतर येते. एक आधीच सांगून टाकते. साबण आणि बाम कायद्याने सौंदर्यप्रसाधनांत मोडतात आणि सौंदर्यप्रसाधनं विकायला बनवायची तर परवाना लागतो. महाराष्ट्रात तो अन्न व औषध प्रशासनाकडून मिळतो. ताईने तो डोंगर आधीच चढला होता, वेगळी जागा घेऊन. ज्यांच्याकडे तो नाही त्यांनी खालचा साबणाचा भाग वाचून लिस्टिंग सुधारण्यापेक्षा आधी ते काम करावं. मेणबत्तीला असला परवाना लागत नाही.

मेणबत्तीचं वजन सुधारणं सोपं होतं. ताई रेघेपर्यंत ओतायची. आता काट्यावर ओतायचं ठरलं. वात चिकटवलेला रिकामा ग्लास स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवायचा, काटा शून्यावर आणायचा आणि १५० भरेपर्यंत मेण ओतायचं. तिच्या कृतीत मेणाच्या सहा टक्के सुगंधी तेल असतं, म्हणजे दीडशेत साधारण साडेआठ ग्रॅम सुगंध आणि बाकी मेण. सुगंध मेणातच मिसळलेला असल्यामुळे तो निव्वळ वजनात धरायचा. वात आणि तिचा पत्रा नाही. रेघेवर भरलेल्या दहा मेणबत्त्या मोजल्या तेव्हा १५४ पासून १६० पर्यंत आकडे आले होते, ग्लासच कमीजास्त जाडीचे असल्यामुळे. काट्यावर ओतायला लागल्यावर तो झोल संपला, आणि मेणही थोडं वाचलं, ज्याचा ताईला जास्त आनंद झाला.

जळण्याचे तास हे खरं दुखणं. पन्नास हा आकडा तिने दुसऱ्या कुणाच्या लिस्टिंगवरून घेतला होता, "त्यांचीपण सोयाचीच होती" म्हणून. मी म्हटलं, जाळून बघू. ती म्हणाली, "बघितलं होतं की मी! चार तास जाळली, तेरा ग्रॅम गेली. हिशेब केला, पन्नासाच्या आसपासच येतो." वही दाखवली. खरंच होतं. चार तासांत १३ म्हणजे तासाला सव्वातीन ग्रॅम; दीडशेला भागलं की ४६ तास, आणि तिच्या त्या मनातल्या दोनशेला भागलं तर साठाच्या वर. तिला पन्नास म्हणजे उलट कमीच वाटलं होतं.

चूक कुठे आहे ते बघायला पुन्हा चाचणी घेतली, या वेळी शेवटपर्यंत. पद्धत साधी आहे, फक्त कंटाळवाणी. वात पाच मिलिमीटरवर कापायची. मेणबत्तीचं वजन लिहायचं. पंखा बंद, खिडकी बंद, रोज तीच जागा. पेटवून बरोबर चार तासांनी विझवायची. गार होऊ द्यायची, कारण गरम ग्लास काट्यावर ठेवला की आकडा स्थिर राहत नाही. पुन्हा वजन. दुसऱ्या दिवशी वात पुन्हा कापून तेच. मी दोन दिवसांत परत आले, बाकीचं ताईने केलं आणि रोज रात्री मला व्हॉट्सअॅपवर आकडा पाठवला.

पहिल्या दिवशी १३ ग्रॅम. दुसऱ्या दिवशी १६. तिसऱ्या दिवशी १८, आणि मग पुढचे चारही दिवस १८. सात बसण्या, अठ्ठावीस तास, एकूण ११९ ग्रॅम. तळाशी ३१ ग्रॅम मेण उरलं, सुमारे एक सेंटिमीटर जाडीचा थर, आणि तिथे आम्ही थांबलो.

या आकड्यांत दोन गोष्टी दडलेल्या आहेत. पहिल्या दिवशी मेणबत्ती कमी जळते, कारण सगळं मेण थंड, घट्ट असतं आणि वितळलेल्या मेणाचं तळं काठापर्यंत पोचायलाच बराच वेळ जातो. पुढच्या दिवसांत ग्लास तापतो, तळं लवकर भरतं, वातीला इंधन भरपूर मिळतं. म्हणून पहिल्या बसणीवरून काढलेले तास नेहमी फुगलेले येतात. दुसरी गोष्ट तळाच्या थराची. तो जाळायचा नसतो. ज्योत तळापर्यंत गेली की काच भलतीच तापते, तडकू शकते, खालचं टेबल भाजतं. म्हणजे दीडशे ग्रॅमला भागायचंच नाही. जळण्याजोगे १२० धरायचे. तासाला सव्वाचार ग्रॅमने अठ्ठावीस तास होतात.

मग एक मेणबत्ती मुद्दाम पंखा लावून जाळली, कारण आपल्याकडे पंखा बंद करून कोण बसतं? एकवर फिरणारा पंखा, चार तास, २२ ग्रॅम. ज्योत एका बाजूला कललेली आणि ग्लासाला त्याच बाजूने काजळी. त्या वेगाने २२ तासच होतात. रिव्ह्यू लिहिणाऱ्या बाईंना तीस मिळाले, कारण त्यांच्या ग्लासात सात ग्रॅम जास्त होते आणि त्यांनी बहुतेक तळही जाळला असावा. हे मी ताईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे त्या माझ्यापेक्षा नीट वापरत होत्या." नव्हत्या, तळ जाळणं म्हणजे नीट नव्हे, पण वाद घातला नाही.

लिस्टिंगवर शेवटी एक आकडा लिहायचा की पल्ला, यावर आमचं बराच वेळ चाललं. ताईला एक आकडा हवा होता, ठसठशीत. मला पल्ला हवा होता आणि सोबत तो कुठल्या परिस्थितीत मिळतो ते. शेवटी हे ठरलं, आणि आज ते असंच आहे:

"मोगरा सोया मेणबत्ती. निव्वळ वजन १५० ग्रॅम (मेण आणि सुगंध, ग्लास वगळून). घटक: सोया मेण, सुगंधी तेल, सुती वात. जळण्याचा कालावधी: बंद खोलीत, रोज वात ५ मि.मी. कापून, एका वेळी ४ तास जाळल्यास २५ ते २८ तास. पंख्याखाली सुमारे २० तास. पहिल्यांदा पेटवाल तेव्हा वितळलेलं मेण काठापर्यंत पोचेपर्यंत विझवू नका, नाहीतर मधे खड्डा पडून कडेचं मेण तसंच राहील. तळाशी एक सेंटिमीटर मेण उरलं की वापर थांबवा. सोया मेणावर पांढरी नक्षी येऊ शकते. तो दोष नाही. एप्रिल-मे महिन्यांत पार्सलमध्ये मेण मऊ पडू शकतं. सपाट जागी गार होऊ द्या."

शेवटची ओळ मी आग्रहाने घातली. सोया मेण पन्नास अंशांच्या आतबाहेर वितळतं, आणि मे महिन्यात कुरिअरच्या टेम्पोत आतल्या हवेला तिथवर जायला वेळ लागत नाही. तक्रार आल्यावर हे सांगितलं तर सबब वाटते, आधी लिहिलं तर माहिती.

साबणाचं प्रकरण जास्त नाजूक होतं. जुनी लिस्टिंग अशी होती: "१०० टक्के नैसर्गिक, केमिकल-फ्री हळद-चंदन साबण. घटक: सांगलीची हळद, चंदन, मध, नारळ तेल आणि इतर वनस्पती तेले. ११५ ग्रॅम. पीएच बॅलन्स्ड. सर्व प्रकारच्या त्वचेसाठी, बाळांसाठीही सुरक्षित. पिंपल्स आणि एक्झिमावर गुणकारी."

मी ताईला म्हटलं, वही काढ, तुझी खरी कृती वाच. एका घाण्याचं माप तिने वाचलं: नारळ तेल ३८० ग्रॅम, तांदळाच्या कोंड्याचं तेल ३२०, पाणी ३००, शेंगदाणा तेल २००, कॉस्टिक सोडा १४५, एरंडेल १००, चंदनाचा सुगंध ३०, हळद १०. मध? "मध दोन वर्षांपूर्वी बंद केला, साबण तापून वर यायचा." चंदन? चंदन म्हणजे चंदनाच्या वासाचं सुगंधी तेल, उगाळलेलं चंदन नव्हे. म्हणजे घटकांच्या यादीतल्या पहिल्या तीन नावांपैकी एक साबणात नव्हतंच, एक नुसतं वासापुरतं होतं आणि एक दीड किलोच्या घाण्यात दहा ग्रॅम.

घटक उतरत्या वजनाने लिहायचे, हा नियम आपल्याकडे सौंदर्यप्रसाधनांना आहेच. एक टक्क्याहून कमी असलेले घटक शेवटी कुठल्याही क्रमाने चालतात. ताईची हळद त्या शेवटच्या रांगेतली. ती यादीच्या पहिल्या नंबरावर बसवली की जाणकार ग्राहकाला बाकीच्या लिस्टिंगवरही शंका येते. वजन घालतानाचं धरायचं, म्हणून पाणी तिसऱ्या क्रमांकावर येतं, वडीत ते पुढे बरंच उडून गेलेलं असलं तरी.

कॉस्टिक सोड्यावरून मात्र ठिणगी पडली. "कॉस्टिक वाचलं की बाया हात लावणार नाहीत. बाथरूम साफ करायचा तो." तिचं खोटं नव्हतं. पण कॉस्टिक सोडा, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड, तेलाशी संयोग पावल्याशिवाय साबण होतच नाही. कारखान्यातल्या साबणातही तेच असतं, फक्त तिथे 'सोडियम पामेट' किंवा 'सोडियम कोकोएट' असं लिहिलेलं असतं, म्हणजे संयोगानंतर तयार झालेल्या पदार्थाचं नाव. दोन्ही पद्धती प्रामाणिक आहेत; अप्रामाणिक आहे ती तिसरी, ज्यात तेलांची नावं लिहायची, सोडा गाळायचा आणि वर 'केमिकल-फ्री' लिहायचं. ताईचा हिशेब तेलांना लागतो त्यापेक्षा पाच टक्के सोडा कमी ठेवतो, त्यामुळे वडीत सोडा मोकळा राहत नाही, थोडं तेल मोकळं राहतं. आम्ही यादीत सोडियम हायड्रॉक्साइड लिहिलं आणि शेजारी एक वाक्य: साबण बनताना हा तेलांशी पूर्ण संयोग पावतो, तयार वडीत उरत नाही. हे वाक्य लिहायचा हक्क मात्र तेव्हाच, जेव्हा प्रत्येक घाण्यात काट्याने मापून घातलेलं असतं. अंदाजपंचे करणाऱ्याने ते लिहू नये.

'पीएच बॅलन्स्ड' काढून टाकलं. खरा साबण, म्हणजे तेल आणि सोड्याचा, नऊ-दहाच्या आसपास पीएचचाच असतो. तो त्वचेच्या पीएचला आणायला गेलं की साबण फुटून परत तेलकट आम्ल वेगळं होतं. 'पिंपल्स आणि एक्झिमा'ही काढलं, कारण रोग बरा करण्याचा दावा केला की ती वस्तू प्रसाधन राहत नाही, औषध होते, आणि औषधाचा परवाना वेगळा. 'बाळांसाठी सुरक्षित' हे तिने कुणाच्या चाचणीवरून लिहिलं होतं, विचारलं तर म्हणाली, "माझ्या नातवाला वापरते की." नातू गोड आहे. पण एक बाळ म्हणजे चाचणी नव्हे.

वजनात पुन्हा मेणबत्तीसारखंच. ११५ हे साबण कापल्या दिवशीचं वजन. तेरा वड्या, प्रत्येकी साधारण ११३ ते ११५. पण असा साबण चार ते सहा आठवडे फळीवर वाळवावा लागतो आणि त्या काळात पाणी उडतं. ताईने पावसाळ्यात बनवलेल्या घाण्याच्या चार वड्या मी मोजल्या: सहा आठवड्यांनंतर १०१, १०२, १००, १०१. आणि तिच्याच कपाटात तीन महिने पडून राहिलेली एक, ९७. बाजारातल्या साबणाच्या वेष्टनावर 'नेट वेट व्हेन पॅक्ड' का लिहितात, हे ताईला त्या दिवशी उमगलं. आम्ही ९५ ग्रॅम लिहिलं. ग्राहकाच्या हातात ९७ आलं तर कोणी रिव्ह्यू लिहीत नाही.

हळदीच्या रंगाची एक गंमत इथे सांगायलाच हवी. जुन्या लिस्टिंगवर पिवळ्याधमक साबणाचा फोटो होता, कुठून तरी घेतलेला. ताईचा खरा साबण विटकरी-केशरी निघतो आणि दोन महिन्यांत फिका पडतो. ग्राहकांना वाटायचं भेसळ आहे. पण क्षारात हळद लाल होते, हे आपल्या आज्यांना माहीत होतं. घरचं कुंकू हळदीला चुना किंवा क्षार लावूनच व्हायचं. साबणात तेच होतं. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालेलं असल्यामुळे ताईला ते नाव ठसठशीत लिहायचं होतं, आणि हळद खरंच सांगलीची असल्यामुळे लिहायला हरकत नव्हती. फक्त सोबत रंगाची ओळ आली: साबणातल्या क्षारामुळे हळदीचा रंग विटकरी होतो, उजेडात तो फिका पडतो. फोटो खऱ्या वडीचा, दिवसाच्या उजेडात, खिडकीपाशी काढला. हळदीच्या गुणांबद्दल एक शब्दही लिहिला नाही. त्या क्षारात आणि उजेडात हळदीतलं काय टिकतं, याची खात्री आम्हा दोघींनाही देता आली नसती.

आता त्वचेची सूचना. ही लिहिताना बहुतेक जण दोन टोकांना जातात: एक तर 'सर्वांसाठी सुरक्षित', नाहीतर 'वापरापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्या'. दोन्हींतून वाचणाऱ्याला काही कळत नाही. कामाची सूचना घटकाचं नाव घेते. ताईच्या साबणात शेंगदाणा तेल आहे, आणि शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्याने काय करायचं ते त्याचं त्याला ठरवता आलं पाहिजे, म्हणून ते यादीत 'इतर वनस्पती तेले' या पदराखाली लपता कामा नये. दुसरा संशयित सुगंध. त्वचेला त्रास होतो तो बहुधा सुगंधातल्या ठरावीक घटकांचा: लिनालूल, लिमोनीन, जेरानिऑल, युजेनॉल अशी त्यांची नावं. युरोपात ती ठरावीक प्रमाणाच्या वर असली की वेष्टनावर लिहावीच लागतात. पूर्वी अशा सव्वीस नावांची यादी होती, २०२३ मध्ये ती ऐंशीच्या वर गेली. त्यामुळे बऱ्याच सुगंध पुरवठादारांकडे प्रत्येक सुगंधाची अशी यादी तयार असते. ताईच्या पुरवठादाराकडे मागितली, दोन दिवसांत मेलवर आली. चंदनाच्या त्या सुगंधात लिनालूल आणि जेरानिऑल निघालं. तेही लिहिलं. बाजारातून 'नैसर्गिक' म्हणून लव्हेंडरचं तेल घेणाऱ्यांनाही हे लागू आहे. लिनालूल तिथेही भरपूर असतं, निसर्गातून आलं म्हणून ते त्वचेला सोडत नाही.

चाचणी कशी करायची हेही लिहिलं, आणि इथे मी स्वतः एकदा चुकले आहे. दुसऱ्या एका विक्रेत्याच्या साबणाला मी 'कोपराच्या आत लावून २४ तास ठेवा' लिहिलं होतं. साबण त्वचेवर चोवीस तास ठेवला तर कुणालाही लाली येईल. ती ॲलर्जी नव्हे, साबणाचा क्षार आहे. धुऊन टाकायच्या वस्तूची चाचणी धुऊनच करायची: चार-पाच दिवस हाताच्या एका छोट्या भागावर रोजच्यासारखा लावून धुवायचा आणि बघायचं. कोपराच्या आत लावून दिवस-दोन दिवस ठेवायची पद्धत क्रीम, बाम यांच्यासाठी. साबणाची सूचना शेवटी अशी झाली:

"या साबणात शेंगदाणा तेल आणि सुगंध (त्यात लिनालूल, जेरानिऑल) आहे. यांपैकी कशाची ॲलर्जी असेल तर वापरू नका. साबण क्षारीय आहे. कोरड्या किंवा फुटलेल्या त्वचेवर, डोळ्यांजवळ आणि तान्ह्या बाळांसाठी वापरू नका. पहिल्यांदा वापरताना हाताच्या छोट्या भागावर चार-पाच दिवस लावून धुऊन बघा. खाज, पुरळ आलं तर थांबवा."

ओठांच्या बामाचं फारसं काही नव्हतं: मधमाशीचं मेण, कोकमाचं लोणी, बदाम तेल, ई जीवनसत्त्व. 'व्हेगन' हा शब्द काढला, मेण माशीचं आहे. बदाम तेल नावाने लिहिलं, शेंगदाण्याच्याच कारणाने. टिकण्याचा काळ तिने 'दोन वर्षं' लिहिला होता, कारण "पाणी नाही, खराब कशाला होईल?" बुरशी येणार नाही, हे खरं, पण तेल खवट होतं. बामाची तारीख त्यातल्या सर्वांत आधी संपणाऱ्या तेलाच्या पुढे जाऊ शकत नाही. ऑक्टोबरातल्या घाण्यासाठी वापरलेल्या बदाम तेलाच्या बाटलीवर पुढच्या जूनची तारीख होती. म्हणून त्या घाण्याचा बाम जूनपर्यंतच. ताई आता तेलाची बाटली फोडली की तिच्या तारखेचा फोटो काढून घाण्याच्या नंबरासोबत ठेवते. साबणालाही तेच: खवट झालेल्या वडीवर केशरी ठिपके येतात आणि शिळ्या तळणाचा वास येतो, आणि शेंगदाणा तेलामुळे तिच्या साबणात ते लवकर येऊ शकतात. एक वर्ष लिहिलं, कोरड्या जागी ठेवल्यास.

आणि कोरफडीचं जेल. घटक: ताजी कोरफड, गुलाबपाणी, ई जीवनसत्त्व. 'प्रिझर्व्हेटिव्ह-फ्री, १२ महिने.' ताईला वाटत होतं ई जीवनसत्त्व म्हणजे टिकाऊपणा. ते तेल खवट होणं लांबवतं. जंतूंना आणि बुरशीला ते अडवत नाही. पाणी असलेली वस्तू टिकवणाऱ्या द्रव्याशिवाय बारा महिने राहत नाही, फ्रिजबाहेर तर काही दिवसच. मी एक डबी उघडली, झाकणाच्या आतल्या कडेला करडी लव होती. ताईने बघितली, काही बोलली नाही. ती लिस्टिंग आम्ही सुधारली नाही. बंद केली. ज्यांनी घेतली होती त्यांना वापरू नका असा निरोप पाठवला आणि पैसे परत केले. त्या महिन्यात तिच्या हातात फार काही उरलं नाही.

मेणबत्तीच्या त्या बाईंना ताईने स्वतः उत्तर लिहिलं, मला न दाखवता. नंतर वाचलं: "ताई, तुमचं बरोबर आहे. ग्लासाचं माप मी मेणाचं समजले. ४३ ग्रॅमचे पैसे परत पाठवले आहेत. आता लिस्टिंगवर १५० ग्रॅम आणि २५ ते २८ तास आहेत, जाळून मोजलेले." रिव्ह्यू अजून तिथेच आहे, खाली हे उत्तर आहे. दर मात्र ताईने कमी केला नाही. "दीडशेचा दर मी आधीपासून दीडशेचाच लावला होता, दोनशे फक्त लिहिलं होतं," असं ती म्हणते. त्यावर माझं तिचं अजून एकमत नाही.

दालचिनीच्या वासाच्या मेणबत्तीची लिस्टिंग अजून बंदच आहे. तोच ग्लास, तेच मेण, तीच वात, पण सुगंध बदलला की ज्वलन बदलतं. तिसऱ्या बसणीलाच ग्लास हातात धरवेना आणि वातीवर कोळशाची बोंडं आली. ताईने एक नंबर बारीक वात मागवली आहे. काल रात्रीचा आकडा आला: पहिली बसणी, चार तास, ११ ग्रॅम. खाली तिने लिहिलं होतं, "यावरून तास काढत नाही, घाबरू नकोस."